आभार, दहाच्या आत

कॉलेजच्या रॉक नाइटच्या पोस्टरवर सगळं असतं. जळती गिटार असते, कवटी असते, बँडच्या मेंबरांनाही धड वाचता येणार नाहीत अशा काटेरी अक्षरांत बँडची नावं असतात आणि कवटीच्या हनुवटीखाली संस्थेचं संस्कृत बोधवाक्य असतं. एकच कार्यक्रम त्यावर नसतो, आणि नेमका तोच हमखास होतो. मुख्य बँडचा ड्रमर आजारी पडू शकतो, अवकाळी पाऊस येऊ शकतो, प्रमुख पाहुण्यांचं विमान चुकू शकतं. आभार प्रदर्शन रद्द झाल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही.

वास्तविक रॉक हे कुणाचेही आभार न मानणाऱ्यांचं संगीत. आईबाप, शाळा, सरकार, सगळ्यांशी भांडून ते मोठं झालं. पण आपल्याकडे ते वस्तीला राहिलं कॉलेजात, आणि आपल्याकडे सोसायटीची वार्षिक सभासुद्धा आभार मानल्याशिवाय उठत नाही. त्यामुळे व्यवस्था उलथून टाकण्याच्या गर्जना तासभर झाल्या, की पाठोपाठ त्याच माइकवरून व्यवस्थेचे, तिच्या विश्वस्तांचे आणि तिच्या इस्टेट विभागाचे आभार मानले जातात. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर अशाच एका रात्री मी साउंडच्या कन्सोलमागे उभा होतो. (शहाण्याने उभं राहायची जागा तीच. कन्सोलवरचा माणूस स्वतःला जे ऐकू येतं त्यावरून आवाज लावतो, म्हणजे त्याच्या पाठीशी उभं राहिलं की सगळ्यात चांगलं ऐकू येतं, आणि पास लागत नाही.) घड्याळात ९.५३ झाले होते. शेवटचा बँड नुकताच थांबला होता, पोरं ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडत होती, आणि कल्चरल सेक्रेटरी स्टेजवर आली. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, काळा टीशर्ट, गळ्यात ऑर्गनायझरचं कार्ड, हातात चार घड्या घातलेला कागद. कागद दिसताच मैदानातून एक दीर्घ ‘अरेऽऽऽ’ उठला.

“दोनच मिनिटं घेते,” ती म्हणाली. महाराष्ट्रात हे वाक्य म्हटल्याशिवाय आभार कायदेशीर होत नाहीत.

तिच्याकडे खरोखरच फार वेळ नव्हता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही, असं ते सांगतात. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस गणपती आणि नवरात्र असल्या थोरामोठ्यांत वाटले जातात. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला त्यातून काही मिळत नाही. त्याच नियमांत शाळा-कॉलेजं, दवाखाने आणि न्यायालयांभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्राची तरतूद आहे, आणि तिथे दिवसा मर्यादा ५० डेसिबलची. दोन माणसं समोरासमोर साधं बोलायला लागली तरी आवाज साठाच्या आसपास जातो. म्हणजे कॉलेजचं मैदान शांतता क्षेत्र असेल, तर तिथे रॉक सोडा, आभारसुद्धा मानता येणार नाहीत, फार तर हात जोडता येतील. २०१७ मध्ये नियम बदलले. आता सरकारने तसं जाहीर केल्याखेरीज एखादी जागा आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. त्या बदलाच्या फटीतून आजचे कॉलेज फेस्ट आत आले आहेत. मुंबईचं रंगभवन इतकं नशीबवान नव्हतं. १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकचं नाव धोबी तलावच्या ज्या खुल्या रंगमंचाशी जोडलं गेलं, त्याच्या एका अंगाला कॉलेज आणि दुसऱ्या अंगाला दवाखाने. तिथली गिटार जी गप्प झाली ती झालीच.

तर गेटजवळ खुर्ची टाकून हवालदार बसले होते आणि मोबाइलमधली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत होते. दोन्हींत दोन मिनिटांचा फरक होता. त्यातली कुठली वेळ खरी धरायची, हा त्या रात्रीचा सगळ्यात मोठा अधिकार त्यांच्याकडे होता.

अशी भाषणं बरीच ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की ती कान देऊन ऐकावीत. त्यातलं प्रत्येक विशेषण एकेका संकटाच्या जागी पुरलेला दगड असतो. “प्राचार्यांनी वेळोवेळी केलेलं मार्गदर्शन” म्हणजे परवानगीचा अर्ज लाल शाईने रंगून परत आला होता आणि ‘रॉक नाइट’ खोडून वर ‘पाश्चात्त्य संगीत संध्या’ असं लिहिलेलं होतं. तेच नाव मग पोलिस स्टेशनच्या अर्जावर गेलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, व्हायोलिन वगैरे का? मुलं म्हणाली, तसंच काहीसं. “पोलिस प्रशासनाचं अमूल्य सहकार्य” हे त्याबद्दल. “विश्वस्त महोदयांनी व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढला” म्हणजे ते दीड तास उशिरा आले आणि समारोपाच्या बँडची तीन गाणी त्यात गेली.

विश्वस्तांचे आभार मानताना ती समोरच्या सोफ्यांकडे बघून किंचित झुकली. सोफ्यांवर कुणीही नव्हतं. हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी त्याचं आश्चर्य व्यक्त केलं जातं. मानाचे सोफे स्टेजच्या अगदी पुढ्यात मांडतात, आणि सबवूफर, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज काढणारी कपाटाएवढी खोकी, तीही स्टेजच्या पुढ्यातच जमिनीवर ठेवतात. त्यामुळे संस्थेचे उपाध्यक्ष आणि १८ इंची कर्णा यांच्यात सहा-सात फुटांचं अंतर उरतं. ड्रमरने पायाने बास ड्रम मारला की तो आवाज कानाला नंतर आणि बरगड्यांना आधी कळतो. पहिल्या गाण्यात मी उपाध्यक्षांचा चहा बघत होतो. कप त्यांनी हातात धरलेला, हात स्थिर, आणि चहावर मधोमध गोल गोल वलयं, ठेक्यात. ते काही वेळ त्या वलयांकडे बघत राहिले, मग कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवून नाडी आपलीच आहे ना याची खात्री केली आणि दुसऱ्या गाण्याला ‘जरा पुढे कार्यक्रम आहे’ म्हणून उठले. पाठोपाठ सगळे सोफे उठले. कर्णे दोन बाजूंना सरकवले किंवा सोफे तीस फूट मागे नेले, तर मान्यवर शेवटपर्यंत बसतील. पण मग ते शेवटपर्यंत बसतील, हेही आयोजकांना माहीत असतं.

मग प्रायोजक आले. इथे तिचा आवाज बदलला, मृदू झाला. याचं कारण व्यवहारात आहे. परदेशी शिक्षणाचे क्लास चालवणारे मुख्य प्रायोजक निम्मे पैसे आधी देतात आणि निम्मे ‘कार्यक्रम व्यवस्थित पार पडल्यावर’. व्यवस्थित म्हणजे बॅनरवर नाव ठरल्या आकाराचं लागलं, गेटजवळ दहा बाय दहाचा स्टॉल मिळाला, स्टेजवरून नाव ठरल्या वेळा घेतलं गेलं आणि त्यांची दोन मिनिटांची फिल्म एलईडी वॉलवर दोनदा दिसली. त्यामुळे आभारातले “ज्यांच्याशिवाय ही संध्याकाळ शक्यच नव्हती असे” हे शब्द उरलेल्या चेकला उद्देशून असतात. बाकीचे भागीदार वस्तूंवर भागवतात. वीस-वीस लिटरचे जार देणारा ‘हायड्रेशन पार्टनर’ झाला होता, वडापाववाला ‘फूड पार्टनर’, आणि चार खुर्च्या परत न मिळालेला मांडववाला त्याच क्षणी स्टेजमागे भांडत होता; त्याला काय म्हणायचं ते ठरायचं होतं.

तोवर तिच्या मागे ड्रमर झांजा सोडवत होता. प्रत्येक झांज सुटताना एकदा वाजायची, आणि ती नेमकी कुणाच्या तरी नावावर पडायची. रजिस्ट्रारांना त्यामुळे उगाचच टाळ्या मिळाल्या.

“...आणि तांत्रिक अडचणींवर मात करून उत्तम ध्वनिव्यवस्था देणारे आमचे साउंडवाले काका.” एवढं एकच वाक्य. काका तेव्हा तिच्या पायाशीच उकिडवे बसून माइकच्या वायरी गोल गुंडाळत होते, एक वेढा सरळ आणि एक उलटा, म्हणजे वायरीला पीळ पडत नाही. त्यांनी मान वर केली नाही. पण ‘तांत्रिक अडचणी’ या दोन शब्दांमागे त्या दिवसाची आख्खी दुपार गेली होती, आणि ती मी पाहिली होती.

साउंड चेक ड्रमपासून सुरू होतो. आधी बास ड्रम, मग स्नेअर, मग एकेक टॉम, मग बेस, गिटारी, शेवटी गळे. त्या दिवशी ड्रमच्याही आधी, कुणी काही वाजवत नसताना, मैदानभर एक ‘भोंऽऽऽ’ ऐकू यायला लागला. सगळ्यांनी आधी गिटारवाल्याकडे बघितलं. गिटारवाल्याने वायर काढली, गिटार पिशवीत घातली, तरी भों चालूच. मग सगळ्यांनी जनरेटरकडे बघितलं. काकांनी कुणाकडेच बघितलं नाही. त्यांनी कन्सोलवर एकेक चॅनल बंद करायला सुरुवात केली, कारण भों नेमका कुठून येतो हे कळायला तीच एक रीत आहे: जो चॅनल बंद केल्यावर भों थांबेल, चोर त्याच्या वायरीवर. चोवीस चॅनलच्या रांगेत अगदी टोकाला तो सापडला. लॅपटॉप. ज्याच्यावरून मुख्य प्रायोजकांची फिल्म दिसणार होती तो.

घडलं होतं असं. साउंडला वीज जनरेटरची, ६२.५ केव्हीएचा, त्याचा स्वतःचा अर्थिंगचा दांडा मैदानात ठोकलेला. एलईडी वॉल मात्र प्रायोजकांच्या आग्रहावरून आयत्या वेळी आली, वेगळ्या ठेकेदाराकडून, आणि इस्टेट विभागाच्या पर्यवेक्षकांनी मोठ्या मनाने तिला वर्कशॉपच्या इमारतीतून लाइन ओढून दिली. म्हणजे अर्थिंग दोन झाली, एक मैदानाची आणि एक इमारतीची, आणि दोन्ही जमिनींत थोडा का होईना व्होल्टेजचा फरक असतोच. एरवी त्याचं काही बिघडत नाही, पण इथे लॅपटॉपची एक वायर एलईडी वॉलला गेलेली होती आणि दुसरी साउंडला. दोन्ही वायरींच्या बाहेरच्या जाळीतून त्या दोन जमिनी एकमेकींना जोडल्या गेल्या, त्या जाळीतून बारीकसा करंट फिरायला लागला, आणि आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे त्या पट्टीचा भों कर्ण्यांतून बाहेर पडला. काका याला ‘ग्राउंड मारतोय’ म्हणतात.

खात्री करायला त्यांनी आधी लॅपटॉपचा चार्जर काढला. भों तसाच. मग एलईडी वॉलकडे जाणारी वायर उपटली. एकदम शांतता, इतकी की मैदानाच्या पलीकडचा कुत्रा ऐकू आला. निदान झालं, पण आता वॉलवर फिल्म दिसेना, आणि फिल्म दिसली नाही तर चेक दिसणार नव्हता. सेक्रेटरीचा चेहरा उतरला. एवढ्यात इलेक्ट्रिकलच्या एका मुलाने फार सोपा उपाय सुचवला: साउंडच्या प्लगची तिसरी पिन, अर्थिंगची, तिला चिकटपट्टी गुंडाळून टाकायची. भों त्याने खरोखरच जातो. काकांनी त्या पोराकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

“मग उद्या कुठे लीकेज झालं तर करंटने जायचं कुठून, राजा?”

पोरगा गप्प.

“गायकाच्या ओठातून. ओठ माइकला, हात गिटारच्या तारांवर. बस.”

मग त्यांनी पेटीतून मुठीएवढी लोखंडी डबी काढली. तिला डीआय म्हणतात. आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज त्यातून चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंच्या तारांचा एकमेकींना स्पर्श होत नाही. वर एक खटका असतो, तो दाबला की जाळीचा दुवाही तुटतो. सिग्नलच्या वायरीचा दुवा तुटला तर फक्त भों जातो; प्लगच्या पिनेचा तोडला तर माणूसही जाऊ शकतो, एवढाच फरक. अडचण इतकीच की डब्या दोन होत्या आणि दोन्ही लागलेल्या. बेसच्या ॲम्पला मागून थेट कन्सोलला जाणारं स्वतःचं आउटपुट निघालं, म्हणून बेसची डबी मोकळी झाली. ती लॅपटॉप आणि कन्सोलच्या मध्ये बसवली, वॉलची वायर परत लावली, खटका दाबला. फिल्म दिसली आणि भों नाही. तोवर साडेपाच वाजले होते, आणि कॉलेजच्या स्वतःच्या बँडचा साउंड चेक त्यात बुडाला. त्यांनी काय वाजवलं हे त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही, असं ते नंतर सांगत होते. ऐकणाऱ्यांनी तक्रार केली नाही.

त्या बँडचे आभार सेक्रेटरीने पटकन उरकले आणि बाहेरून आलेल्या बँडचे सावकाश मानले, त्यालाही कारण आहे. कॉलेजच्या पोरांनी कॉलेजच्याच कार्यक्रमात, कॉलेजच्याच लोकांपुढे दुसऱ्या कुणाचं गाणं वाजवलं, तर कॉपीराइट कायदा कलम ५२ मध्ये त्याकडे काणाडोळा करतो. बाहेरचा बँड पैसे घेऊन, तिकीट लावलेल्या गर्दीपुढे तेच गाणं वाजवतो तेव्हा गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो, आणि दोन बँडच्या मधल्या वेळात स्पीकरवरून रेकॉर्ड लावली तर त्या रेकॉर्डचा वेगळा. शिवाय बाहेरच्या बँडचे निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले स्टेजवर चढण्याआधी. ते रोख मोजून देताना खजिनदाराचे हात थरथरत होते. बँडने पाठवलेल्या यादीत गरम पाणी, आठ टॉवेल आणि विश्रांतीसाठी शांत खोली असं लिहिलेलं होतं. शांत खोली म्हणून त्यांना ग्रंथालयाचा वाचनकक्ष उघडून दिला. आभारातला “ग्रंथपाल मॅडमनी दिलेला मदतीचा हात”? तो हा. मॅडमनी रजिस्टरात सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ड्रमरने ‘येण्याचे कारण’ या रकान्यात ‘वाचन’ लिहिलं.

९.५८ झाले. आता ती नुसती नावं घेत सुटली होती. तिने चौथ्यांदा ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ म्हटलं तेव्हा मैदान तिच्याबरोबर ते कोरसमध्ये म्हणायला लागलं, आणि मला वाटतं संध्याकाळभरात सगळ्यात एका सुरात गायलं गेलेलं तेवढंच. स्वयंसेवक झाले, जनरेटरवाले दादा झाले, रुग्णवाहिका झाली. हवालदार उभे राहिले. त्यांनी दोन घड्याळांपैकी मोबाइल खिशात ठेवला, मागचं घड्याळ धरलं. दोन मिनिटं बक्षीस मिळाली. ती तिच्या लक्षात आली असती, तर यादीतलं पुढचं पान तिने उलटलं असतं. पण तिने घाईघाईत “ज्यांची नावं अनवधानाने राहिली असतील त्यांनी मोठ्या मनाने” एवढं म्हणून नमस्कार केला, आणि काकांनी तिच्या हातातून माइक काढून घेतला, कारण गुंडाळायची तेवढी एकच वायर राहिली होती.

पुढच्या पानावर एकच नाव होतं. इस्टेट विभागाचे पर्यवेक्षक. ज्यांनी वर्कशॉपमधून लाइन ओढून दिली, आणि मैदानाचं डिपॉझिट ज्यांच्या सहीशिवाय परत मिळत नाही ते.

पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं. सोमवारी सकाळी ती पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी पुडा उघडला नाही, बाजूला सरकवला.

“आमचं काय गं बाळ. आम्ही काय नावासाठी करतो का?”

“नाही सर, वेळच संपली हो. दहा वाजले.”

“जनरेटरवाल्याला वेळ होती. वडापाववाल्याला होती.” मग त्यांनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. “स्टेजखालचं गवत जळालंय. कर्ण्यांच्या जागी चार खड्डे पडलेत. बघावं लागेल सगळं.”

तिने बरोबर ओळखलं की खड्डे चार नसून एकच आहे.

“सर, पुढच्या वर्षी तुमचं नाव पहिलं.”

“प्राचार्यांच्या आधी?”

“नाही, त्यांच्या लगेच नंतर.”

“मग विश्वस्तांना काय मागे टाकणार का तुम्ही? काहीतरी बोलू नका.” ते थोडा वेळ हिशेब करत राहिले. “चौथा. पोलिसांनंतर चौथा, आणि प्रायोजकांच्या आधी.”

“चालेल सर.”

“तोंडी नको.”

तिने वहीतलं पान फाडलं, वर ‘आभार, पुढील वर्ष’ असं लिहिलं आणि एकाखाली एक चार ओळी घातल्या. तीन जागी पदं, चौथ्या जागी पद आणि पूर्ण नाव. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारून तारखेसह सही केली, शिक्का उमटवला, ते पान फाइलला लावलं, आणि मग डिपॉझिटचा फॉर्म पुढे ओढला.